केल्व्हिनचा अंश कुठे गेला?

एलईडी दिव्याच्या खोक्यावर 6500K लिहिलेले असते, मध्ये टिंब नाही की वर्तुळ नाही. यातला K म्हणजे केल्व्हिन, तापमानाचे एकक. फोटोग्राफीचे जुने पुस्तक उघडले, तर दिव्यांच्या प्रकाशाचे आकडे तिथे 3200°K असे छापलेले दिसतात. पुस्तकवाल्यांची चूक नव्हती. त्या काळी तसेच लिहायचा नियम होता आणि तो वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेच घातलेला होता. पुढे त्याच परिषदेने तो मोडला. का मोडला, याचे जे उत्तर वर्गात सांगितले जाते ते अर्धवट आहे, म्हणून हा खुलासा.

नेहमीचे उत्तर असे: सेल्सियसचे शून्य माणसाने सोयीने ठरवले, म्हणून तिथे ‘अंश’, केल्व्हिनचे शून्य निसर्गाचे आहे, म्हणून तिथे अंश नको. ऐकायला पटते, पण रँकिनची पट्टी ते उत्तर टिकू देत नाही. तीही निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे थंडीच्या तळापासूनच सुरू होते, फक्त तिची पायरी फॅरनहाइटच्या मापाची आहे. अमेरिकेतले अभियंते आजही ती वापरतात आणि बहुतेक °R असेच लिहितात. शून्य निसर्गाचे असले की अंश आपोआप गळून पडतो, असे काही नाही. केल्व्हिनचा अंश ठराव करून काढला गेला आणि ठरावातले कारण वेगळे आहे. तिथे पोचण्याआधी हे शून्य सापडले कसे, ते थोडक्यात पाहू.

बंद भांड्यात ठरावीक हवा घ्या, आकारमान बदलू देऊ नका आणि दाब मोजा. बर्फाच्या बिंदूवर दाब 1 धरला, तर उकळत्या पाण्यात तो सुमारे 1.3661 होतो, म्हणजे शंभर अंशांत 0.3661 ची वाढ. आता हीच रेघ उलट्या दिशेने ओढत न्या. दाब शून्यावर यायला किती अंश खाली जावे लागेल? 100 भागिले 0.3661, म्हणजे 273.15. बस, एवढाच हिशोब. हवेचा दाब उष्णतेबरोबर असा वाढतो आणि थंडीला कुठेतरी तळ असावा, हा अंदाज 1702 च्या सुमारास फ्रान्समध्ये बांधला गेला होता. 1802 मधल्या मोजमापांत वाढ 0.375 आली, म्हणजे तळ उणे 266.7 वर. 1840 च्या दशकात ती 0.3665 पर्यंत सुधारली आणि तळ उणे 272.85 वर गेला. चूक दशांशाच्या तिसऱ्या घरात असली, तरी शून्य काही अंशांनी सरकते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळे भांडण याच गोष्टीवरून झाले.

हवेच्या हिशोबात एक खोट होतीच. खरा वायू इतका थंड होण्याआधीच द्रव होतो, त्यामुळे रेघेचे शेवटचे टोक कागदावरच राहते. 1848 मध्ये ग्लासगोच्या एका तरुण प्राध्यापकाने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने मांडले, की तापमानाची पट्टी कोणत्याही पदार्थावर टांगलेली नसावी, ती उष्णतेपासून मिळणाऱ्या कामावर उभी असावी. त्याच्या त्या पहिल्या पट्टीत प्रत्येक अंशाच्या उताराला सारखेच काम मिळायचे. परिणाम असा, की सगळ्यात थंड टोक त्या पट्टीवर अनंत अंतरावर जाऊन बसत होते. आज आपण वापरतो ती पट्टी त्याची दुसरी, 1854 मधली. तिच्यात आदर्श इंजिनाने घेतलेली आणि सोडलेली उष्णता ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात दोन तापमाने: Q₁/Q₂ = T₁/T₂.

मला विचाराल तर केल्व्हिनचे सगळे मर्म या एका समीकरणात आहे. ते फक्त गुणोत्तर देते, म्हणून शून्य कुठे ठेवायचे याची निवड आपल्याकडे उरतच नाही. सोडलेली उष्णता शून्य, तिथे तापमान शून्य. त्याखाली जायचे म्हणजे घेतली त्यापेक्षा जास्त उष्णता कामात बदलायची, आणि ते होत नाही. आपल्या हातात राहते ती एकच गोष्ट: कुठल्या तरी एका बिंदूला एक आकडा देणे. शून्य निसर्गाने दिले, दुसरा बिंदू आपण नेमला, पट्टी पूर्ण झाली. एक बिंदू पुरेल आणि शेवटी तसेच करावे लागेल, हे 1854 मध्येच लिहून ठेवले गेले होते. अमलात यायला शंभर वर्षे लागली.

तोवर कारभार दोन बिंदूंवर चालला: बर्फ आणि वाफ, मध्ये शंभर अंश. निरपेक्ष तापमान हवे तर सेल्सियसच्या आकड्यात 273 आणि वर काहीतरी मिळवायचे. ते ‘काहीतरी’ किती, यावर प्रयोगशाळांचे एकमत नव्हते. खोलीच्या तापमानाला दोन शतांशांचा फरक कोणाला जाणवतो? पण 1908 मध्ये हेलियम द्रवरूप झाले आणि काम 4.2 केल्व्हिनवर आले. पुढे चुंबकीय पद्धतीने लोक एका केल्व्हिनच्या बरेच खाली उतरले. 1 केल्व्हिनवर तोच 0.02 चा घोळ दोन टक्के होतो आणि अर्ध्या केल्व्हिनवर चार टक्के. तळाशी काम करणाऱ्याला तळच नक्की कुठे आहे ते ठाऊक नाही, अशी ही अवस्था. 1939 मध्ये अतिशीत तापमानांवर काम करणाऱ्या एका अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने जाहीरपणे मागणी केली, की दोन बिंदूंचा नाद सोडा आणि एकाच बिंदूला पक्का आकडा द्या.

1954 मध्ये ते झाले. बिंदू निवडला तो पाण्याचा ट्रिपल पॉइंट, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र समतोलात राहतात तो. साधा बर्फाचा बिंदू पाण्यात विरघळलेल्या हवेने आणि बाहेरच्या दाबाने हलतो. ट्रिपल पॉइंटला तशी भीती नाही. काचेच्या बंद नळीत हवा काढून शुद्ध पाणी भरायचे, आतल्या खोबणीभोवती बर्फाचे कवच जमवायचे आणि तापमापक त्या खोबणीत सोडायचा. कवच खोबणीच्या काचेपासून किंचित सुटे झाले पाहिजे. ते मोकळे फिरते का, हे नळी हलक्या हाताने गोल फिरवून पाहतात. फिरले की बर्फ आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर तयार झाला आणि नळी मोजमापाला योग्य झाली. या बिंदूला नेमका 273.16 हा आकडा दिला आणि शून्याबद्दलची जुनी अनिश्चितता व्याख्येतून निघून गेली. ती नाहीशी मात्र झाली नाही, दुसरीकडे सरकली. पाणी नेमके 100 ला उकळते ही गोष्ट आता व्याख्येत नव्हती, मोजायची होती. पुढच्या बारकाईच्या मोजमापांत ते 99.974 अंशांना उकळते असे निघाले. शाळेतला शंभराचा आकडा तेव्हापासून अंदाजे आहे, पण ते फारसे कोणी सांगत नाही.

आता अंशाकडे. 1948 च्या परिषदेने चिन्हांची यादी केली, तेव्हा एकक होते ‘निरपेक्ष अंश’ आणि चिन्ह °K. त्याच ठरावात आणखी एक कलम होते: तापमान सांगायचे नसून दोन तापमानांतला फरक सांगायचा असेल, तर ‘अंश’ हा शब्द पूर्ण लिहावा किंवा deg लिहावे. हेतू चांगला होता. 10°C तापमान म्हणजे 50°F, पण 10 अंशांची वाढ म्हणजे फॅरनहाइटच्या 18 अंशांची वाढ. ही गफलत आजही होते. दोन अंश तापमानवाढीच्या बातमीत थेट 35.6 फॅरनहाइट छापून येते, कारण कोणीतरी फरकाला तापमान समजून 32 मिळवलेले असतात. वेगळे चिन्ह असते तर हे टळले असते, असा 1948 च्या मंडळींचा हिशोब असावा.

सेल्सियसपुरता हा भेद कामाचा आहे. °K च्या बाबतीत तो निरर्थक ठरतो. केल्व्हिनमधले कोणतेही तापमान हा शून्यापासून मोजलेला फरकच असतो. 300 केल्व्हिन तापमान आणि शून्यापासून 300 केल्व्हिनचे अंतर यांत फरक काय करणार? तरी नियमाप्रमाणे पहिल्याला °K आणि दुसऱ्याला deg. विशिष्ट उष्णतेच्या कोष्टकात प्रति deg, तापमानाच्या रकान्यात °K, आणि दोन्ही एकाच समीकरणात गुणायचे. 1960 मध्ये एसआय पद्धत आली तेव्हा एककाचे नाव ‘केल्व्हिन अंश’ होते, म्हणजे अंश तसाच राहिला.

1967-68 च्या परिषदेने हा गुंता सोडवला. ठरावातले कारण सरळ आहे: तापमानाचे एकक आणि तापमानाच्या फरकाचे एकक हे एकच एकक आहे, म्हणून त्याला एकच नाव आणि एकच चिन्ह असावे. नाव केल्व्हिन, चिन्ह K. फरक केल्व्हिनमध्ये सांगा, हवे तर सेल्सियस अंशांतही सांगा, कारण दोन्हींची पायरी सारखीच आहे. निरपेक्ष शून्याचा गौरव म्हणून अंश काढला, असे ठरावात कुठे नाही. शून्याचा संबंध आहे, पण एक पायरी मागे: शून्य खरे असल्यामुळेच तापमान आणि फरक एक होतात, आणि ते एक झाल्यावर दोन चिन्हांना जागा उरत नाही. रँकिनवाल्यांनाही हेच करता आले असते, त्यांच्यासाठी कोणी ठराव केला नाही इतकेच.

जुनी चिन्हे लगेच गेली नाहीत, काही काळ चालवून घेण्याची मुभा होती. °K आणि deg यांना पूर्ण मनाई 1980 मध्ये झाली. मराठी छापखान्यांत ‘अंश केल्व्हिन’ अजून अधूनमधून दिसते.

2019 च्या 20 मेपासून पाण्याचाही आधार गेला. आता तापमान आणि ऊर्जा यांना जोडणारा बोल्ट्झमन स्थिरांक 1.380649 × 10⁻²³ ज्यूल प्रति केल्व्हिन असा पक्का केला आहे आणि केल्व्हिन त्यावरून ठरतो. ट्रिपल पॉइंटचे 273.16 हे आता मोजून काढायचे मूल्य झाले. नव्या व्याख्येच्या वेळी त्यातली अनिश्चितता केल्व्हिनच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी होती. आकडा तोच, पण पाण्याचा हुकूम संपला.

तळाला मात्र या कुठल्याच ठरावाने हात लागला नाही. तिथे पोचताही येत नाही, कारण गुणोत्तराच्या पट्टीवर 300 वरून 150 ला येणे आणि 2 वरून 1 ला येणे ही सारखीच उडी आहे. अर्धे करत गेलात तर शून्याआधी अशा उड्या कधीच संपत नाहीत. 1848 ची टाकून दिलेली पट्टी नेमके हेच दाखवत होती. 2013 मध्ये ‘निरपेक्ष शून्याच्या खाली’ असे मथळे झळकले, ते अणूंच्या एका खास अवस्थेबद्दल होते. सूत्रात तिथे तापमानाला उणे चिन्ह येते खरे, पण ती अवस्था कोणत्याही धन तापमानापेक्षा गरम असते: साध्या वस्तूला टेकवली, तर उष्णता तिच्यातूनच वस्तूकडे वाहते.