‘रिकामं करतो म्हणून सांगितलं’

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. घरची बोली मराठीच राहिली, पण दारात येणारा कागद कानडी किंवा इंग्रजी. आता तो कागद मोबाइलवर फोटो होऊन येतो आणि खाली एकच ओळ असते: ‘जरा मराठीत सांगा.’

परवा असाच एक भाडेकराराच्या वादातला फोटो आला. त्यातलं एक वाक्य असं: ही स्टेटेड दॅट ही वुड व्हेकेट द शॉप बाय ३१ मार्च, बट दॅट हिज डिपॉझिट हॅड नॉट बीन रिटर्न्ड. कागदाची घडी नेमकी ‘नॉट’वर पडलेली. आधी मी ‘नाऊ’ वाचलं, म्हणजे डिपॉझिट परत मिळालं! पण मग मध्ये ‘बट’ कशाला? तिथेच शंका आली. कागद सपाट करून वरून दुसरा फोटो मागवला. आधी इंग्रजी मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवायचा आणि मगच मराठीला हात लावायचा, हे त्या दिवसापासून ठरवलं.

खरी गडबड काळाची. ‘वुड’ दिसला की शाळेत शिकलेलं ‘केलं असतं’ आठवतं. इथे तसं लिहिलं तर भाडेकरूने दिलेला शब्दच उडाला. इंग्रजीत ‘म्हणाला’ भूतकाळात गेलं की आतलं क्रियापदही मागे सरकतं, विल्‌चं वुड होतं. मराठीने ही सवय कधी लावून घेतली नाही. बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच काळात ठेवायचे आणि शेवटी ‘म्हणून’ किंवा ‘असं’ लावायचं, ही आपली जुनी रीत. ‘म्हणून’ हा शब्द तर ‘म्हणणे’तूनच आला. शेजारची कानडीही तसंच करते: ‘बरतीनी अंत हेळिदा’, येतो म्हणून सांगितलं. बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या माणसाच्या कानाला हे शिकवावं लागत नाही. बिघडवतं ते व्याकरणाचं पुस्तक.

म्हणून मी लिहिलं: ‘आपण ३१ मार्चपर्यंत दुकान रिकामं करू, पण आपलं डिपॉझिट परत मिळालेलं नाही, असं त्यांनी सांगितलं.’

‘तो’ऐवजी ‘आपण’ घेतलं, नाहीतर दुकान कोण रिकामं करणार, मालक की भाडेकरू, हा घोळ झाला असता. ‘मिळालेलं नव्हतं’ टाळलं, कारण त्यातून पुढे मिळालं असावं असा वास येतो. ‘मालकाने दिलं नाही’ हेही टाळलं. इंग्रजी वाक्याने कुणाकडे बोट दाखवलेलं नव्हतं. ज्यांनी फोटो पाठवला त्यांना मात्र तेच वाक्य हवं होतं. मालकाचं नाव घाला म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं, मी घातलं नाही.