प्रश्न कुणाचा? लांब लेखाची प्रश्नोत्तरं करण्यामागची पार्श्वभूमी

पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरात पुराविषयी लांबलचक लेख निघतात. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, निळी आणि लाल पूररेषा, स्थलांतर, पंचनामे हे सगळं त्यात असतं. पण सुतारवाड्यातल्या किंवा शाहूपुरीतल्या घराला रात्री अकरा वाजता त्यातली एकच ओळ हवी असते, आणि ती चौदाव्या परिच्छेदाच्या पोटात असते. असा लेख मोडून प्रश्नोत्तरांत मांडायचा आणि प्रत्येक प्रश्नाचं शीर्षक करायचं, ही युक्ती आज सर्रास वापरली जाते. तरीही अशा पुष्कळ मांडण्यांमध्ये हवं ते सापडत नाही. ते का, हे कळायला या पद्धतीच्या इतिहासात एकच गोष्ट पाहावी लागते: प्रश्न विचारणारा कोण होता?

प्रश्नोपनिषदात सहा जण पिप्पलाद ऋषींकडे येतात आणि आपापला प्रश्न विचारतात. तिथे शंका विचारणाऱ्याची आहे, आणि उत्तर तिच्या मागोमाग येतं. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरावल्यांमध्ये नेमकं उलट आहे. तिथे प्रश्न शिकवणाऱ्याचा असतो आणि उत्तर विद्यार्थ्याने पाठ म्हणायचं असतं. प्रश्न इथे फक्त पाठांतराची खुंटी. दिसायला दोन्ही सारखे, पण काम अगदी वेगळं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून. धोंडीबा नुसती मान डोलवत नाही, मध्येच अडवतो, पुढचं विचारतो. त्यामुळे वाचकाच्या मनात शंका जिथे उठते तिथेच ती पानावर येते. मराठी गद्यात वाचकाचा प्रश्न वाचकाच्या तोंडी देण्याचा इतका चांगला नमुना घरातच असताना आपण कार्यालयीन प्रश्नावल्यांची नक्कल का करावी, असं मला नेहमी वाटतं.

छापील पत्रांत खऱ्या वाचकांचे प्रश्न आले ते लंडनमध्ये, १६९१ साली. जॉन डंटन या प्रकाशकाने ‘अथेनियन मर्क्युरी’ हे पत्र काढलं. लोक नाव न देता प्रश्न पाठवत आणि उत्तरं छापून येत. मात्र तिथे आधी लिहिलेला लेख मोडायचा नव्हता. प्रश्न आला की उत्तर लिहायचं, एवढंच.

तयार मजकूर मोडून प्रश्नांत बसवायचा ठळक प्रयोग अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला. सीबी रेडिओ, म्हणजे सामान्य माणसांनी आपसात बोलायला वापरायचा कमी पल्ल्याचा बिनतारी संच, तेव्हा ट्रकचालकांपासून घरच्या हौशी माणसांपर्यंत पोचला होता आणि त्याचे नियम वकिली भाषेत होते. तिथल्या दूरसंचार आयोगाने ते नव्याने लिहिले. शीर्षकं झाली ‘मी माझं सीबी केंद्र कुठे चालवू शकतो?’ या धर्तीची. प्रश्नात ‘मी’ आणि उत्तरात ‘तुम्ही’, ही जोडी तिथे ठरली. हा बदल वरवरचा नव्हता. ‘केंद्राचे कार्यक्षेत्र’ या शीर्षकाखाली कायद्याला हवं ते सगळं मावतं. ‘मी कुठे चालवू शकतो?’ याखाली फक्त त्या माणसाला लागणारं उत्तर मावतं, बाकीचं आपोआप बाहेर पडतं.

पुढे १९८० च्या दशकात नासातले यूजीन मिया आणि त्यांच्यासारख्या काहींनी, संगणकावरच्या चर्चागटांत येणारे नवे लोक तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात म्हणून, उत्तरांची यादी करून ठेवायला सुरुवात केली. ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ हे नाव तिथून रूढ झालं. त्या नावात एक अट आहे: प्रश्न खरोखर नेहमी विचारला गेलेला हवा. हे नाव कार्यालयांनी उचललं आणि अट मागे राहिली. ‘आमच्या योजनेची वैशिष्ट्ये कोणती?’ हा प्रश्न कुठल्याच खिडकीवर कुणी विचारत नाही. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाच्या लेखकांनी २०१३ मध्ये अशा याद्यांना उघड विरोध केला. मजकूर मूळ ठिकाणीही असतो आणि यादीतही, ही त्यांची एक तक्रार. दुसरी अशी की इंग्रजी प्रश्नाची सुरुवात ठरलेल्या चार-पाच शब्दांनीच होते, त्यामुळे शीर्षकांवरून नजर फिरवली तर काहीच हाती लागत नाही.

मग २०१९ मध्ये गूगलने प्रश्नोत्तरांची पानं शोधनिकालात उलगडून दाखवायला सुरुवात केली आणि प्रश्नांना तिसराच मालक मिळाला. शोधयंत्राला दिसावं म्हणून लेखाच्या शेपटीला प्रश्न चिकटवले जाऊ लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ही सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती मर्यादित केली. शेपटीचे प्रश्न मात्र अजून निघतातच.

ब्रिटिशांची दुसरी तक्रार मराठीला तशीच्या तशी लागू होत नाही. आपल्याकडे विषय आधी येतो आणि प्रश्नशब्द मागून: ‘पूररेषा म्हणजे काय?’, ‘पंचनामा कोण करतं?’, ‘जनावरं कुठे न्यायची?’ डाव्या कडेने वाचत गेलं तरी पूररेषा, पंचनामा, जनावरं हे शब्द मिळतात. हा फायदा ‘काय आहे पूररेषा?’ अशा पाडलेल्या शीर्षकांत वाया जातो. ‘का’ या शब्दाचीही काळजी घ्यावी लागते. ‘पाणी सोडलं का?’ याचं उत्तर हो किंवा नाही असं आहे, तर ‘पाणी का सोडलं?’ याला कारण द्यावं लागतं. ‘का’ शेवटी असेल तर उत्तराचा पहिला शब्द ‘हो’ किंवा ‘नाही’ हवा. तिथे कारणाने सुरुवात केली की वाचक अर्ध्यात सोडतो.

आता प्रत्यक्ष मोडणं. पुराच्या लेखात या वळणाचं वाक्य हटकून सापडतं:

‘पंचगंगेची राजाराम बंधारा येथील इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट असून राधानगरी धरण भरल्यावर स्वयंचलित दरवाजे उघडतात व प्रत्येक दरवाजातून सुमारे १४०० क्युसेक विसर्ग होतो, तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’

पहिलं काम कागदावर होतं. लेखाच्या समासात, प्रत्येक विधानापुढे, ते कुणाच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते पेन्सिलीने लिहायचं. वरच्या वाक्यात दोन प्रश्न लगेच निघतात. पहिला, ‘३९ फूट आणि ४३ फूट म्हणजे कुठलं पाणी?’ उत्तर: राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर दिसणारी नदीची पातळी, तुमच्या गल्लीतल्या पाण्याची खोली नव्हे. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. दुसरा, ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कोण उघडतं?’ उत्तर: कुणी नाही. जलाशय ठरावीक पातळीच्या वर चढला की पाण्याच्या दाबाने दरवाजे आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला सुमारे १४०० घनफूट, म्हणजे जवळपास ४० हजार लिटर पाणी भोगावती नदीत येतं. मूळ वाक्यात ‘क्युसेक’वर अडखळलेला वाचक इथे अडखळत नाही, कारण प्रश्न त्याचा असला की एककही त्याला समजेल तेच द्यावं लागतं.

तिसऱ्या तुकड्यापुढे पेन्सिल थांबते. ‘सतर्क राहावे’ हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही. तिथे वाचकाचा प्रश्न आहे ‘मी घर कधी सोडायचं?’ आणि त्याचं उत्तर लेखातच नाही. मोजपट्टी एका जागी आहे, पण जयंती नाल्यातून मागे फुगणारं पाणी प्रत्येक भागात वेगळ्या पातळीला पोचतं. म्हणून हे उत्तर भागागणिक, महापालिकेकडून विचारून आणावं लागतं. सलग लेखात हे भोक ‘तरी’ या एका शब्दाखाली झाकलं जात होतं. प्रश्नांत मोडण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. काय लिहिलेलं नाही, ते यात उघडं पडतं.

समासातले प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवले की तेच प्रश्न दोन-तीनदा आलेले दिसतात. त्यांची उत्तरं एकत्र करायची. मग ही यादी लोकांनी खरोखर विचारलेल्या प्रश्नांशी ताडायची. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर किंवा मदतीच्या फोनवर बसणाऱ्याला दहा मिनिटं विचारलं तरी पुरतं. मूळ लेखात ‘पूररेषेचे महत्त्व’ असतं, खिडकीवर ‘माझं घर पूररेषेत येतं का?’ असतं. दुसरं घ्यायचं. क्रम मूळ लेखाचा ठेवायचा नाही. घरात गोष्टी ज्या क्रमाने घडतात तो ठेवायचा: पावसाआधी, पाणी चढताना, पाणी उतरल्यावर. प्रश्न पंधराच्या वर गेले तर हेच तीन टप्पे मोठी शीर्षकं होतात आणि प्रश्न त्यांच्या खाली जातात.

शीर्षक ठळक अक्षरांत लिहून भागत नाही. ते शीर्षक म्हणून नोंदवावं लागतं, नाहीतर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला एका प्रश्नावरून पुढच्यावर उडी मारता येत नाही.

```
<h2>पावसाआधी</h2>
<h3>माझं घर पूररेषेत येतं का?</h3>
<p>…</p>
```

वर्डमध्ये हेच काम `Heading 2` आणि `Heading 3` या शैलींनी होतं. उत्तरं बोट लावल्यावर उघडणारी करायचा मोह पुराच्या माहितीत टाळावा. मिटलेली उत्तरं छापताना सहसा गळतात, आणि चौकातल्या फलकावर लागतो तो छापील कागदच.

सगळ्यात जास्त बिघाड उत्तरांच्या पहिल्या वाक्यात होतो. लेखातून उचललेला तुकडा ‘त्यामुळे’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘हे दरवाजे’ असा सुरू होतो. लोक एकाच उत्तराचा फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकतात, आणि तिथे ‘हे दरवाजे’ कुठले ते कुणाला कळत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरात नदीचं, धरणाचं, बंधाऱ्याचं नाव पुन्हा यायला हवं आणि माहिती कुठल्या वर्षाची तेही. आकड्यांचं मात्र उलट आहे. शिबिराचा पत्ता किंवा फोन नंबर तीन उत्तरांत लिहिला तर तो बदलल्यावर एका ठिकाणी जुना राहतोच. तो एकाच उत्तरात ठेवावा आणि बाकीच्यांतून तिकडे बोट दाखवावं.

काही मजकूर मोडू नये. कोल्हापूरला पूर इतके दिवस का रेंगाळतो, या चर्चेत घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणांचे विसर्ग, नदीपात्रातले भराव, पुढे कृष्णेची पातळी आणि अलमट्टी धरणाविषयीचा वाद, अशा कड्या एकमेकींत अडकलेल्या असतात. त्यांचे पाच प्रश्न केले की प्रत्येक कारण सुटं आणि पुरेसं वाटू लागतं, आणि वाचक आपल्याला पटेल ते एक उचलतो. तिथे ‘पूर इतके दिवस का राहतो?’ हा एकच प्रश्न ठेवावा आणि खाली सात-आठ परिच्छेदांचं सलग उत्तर येऊ द्यावं.

शेवटी उत्तरं झाकून फक्त शीर्षकं मोठ्याने वाचायची, शक्यतो नदीकाठी राहणाऱ्या कुणासमोर. ज्या प्रश्नावर तो माणूस ‘हे कोण विचारतंय?’ म्हणेल, तो काढायचा. आणि त्याने विचारलेला प्रश्न यादीत नसेल, तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचा.