विनिमय दर उलटा करताना: व्यस्त दर आधीच आखूड केल्यास रकमेत पडणारा फरक
(आमच्या निर्यातदार आणि आयातदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे हिशेबासाठी येणाऱ्या बिलांमध्ये दर दोन रीतींनी लिहिलेला आढळतो. बँकेच्या सूचनापत्रावर ‘1 डॉलर = 86.40 रुपये’ असे असते, तर परदेशी खरेदीदाराच्या ईमेलमध्ये किंवा मोबाइलवरील रूपांतरकात ‘1 रुपया = 0.0116 डॉलर’ असे दिसते. पहिल्या आकड्याने 1 ला भागले की दुसरा आकडा मिळतो, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र 1 भागिले 86.40 याचे उत्तर 0.0116 नसून 0.011574074… असे न संपणारे आहे. रूपांतरकाने ते आपल्या सोयीसाठी आखूड केलेले असते आणि हा फरक मोठ्या रकमेत हजारो रुपयांचा होतो.

नमुन्यासाठी 48,000 डॉलरचे बेदाण्याचे बिल घेऊ. दर आम्ही उदाहरणापुरता निवडला आहे. मूळ दराने गुणल्यास 48,000 × 86.40 = 41,47,200 रुपये मिळतात. हीच रक्कम व्यस्त दराने भागून काढली आणि व्यस्त दर 0.0116 घेतला, तर 41,37,931.03 रुपये येतात, म्हणजे 9,268.97 रुपये कमी. 0.01157 घेतल्यास 41,48,660.33 येतात, म्हणजे या वेळी 1,460.33 रुपये जास्त. 0.0115741 घेतल्यास फरक 9.29 रुपयांवर येतो. कोणी 0.012 घेतला, तर उत्तर नेमके 40,00,000 येते आणि 1,47,200 रुपये हिशेबातून नाहीसे होतात. अशा वेळी उत्तराचा गोल आकडा पाहून समाधान वाटते, पण परकीय चलनाच्या रूपांतरात इतका गोल आकडा आला तर आधी दर तपासावा.

या चुकीचे मूळ दशांशस्थळे मोजण्याच्या सवयीत आहे. 0.0116 मध्ये चार दशांशस्थळे दिसतात, आणि 86.40 मध्ये तर दोनच आहेत, म्हणून व्यस्त दर अधिक अचूक आहे असा समज होतो. वास्तविक सुरुवातीची शून्ये अचूकतेत काहीच भर घालत नाहीत. पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले अंक, म्हणजेच सार्थ अंक, हेच खरे मोजमाप होय. 0.0116 मध्ये असे तीनच अंक आहेत. ज्यांना व्यस्त दर वापरावाच लागतो, त्यांनी उत्तरात जितके अंक बरोबर हवे आहेत त्यापेक्षा किमान एक सार्थ अंक जास्त ठेवावा. वरील रक्कम रुपयापर्यंत सात अंकी आहे, म्हणून आठ सार्थ अंक लागतील; पैशापर्यंत अचूक हवी असेल, तर दहा.

चूक प्रमाणात वाढते, हेही लक्षात घ्यावे. 480 डॉलरच्या नमुना मालावर 0.0116 मुळे सुमारे 93 रुपयांचा फरक पडतो आणि तो कोणी विचारातही घेत नाही. तीच पद्धत पुढे कंटेनरच्या बिलाला लावली जाते.

ही चूक सापडत का नाही, हा आमच्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. पुष्कळ जण पडताळा म्हणून उत्तर पुन्हा डॉलरमध्ये बदलून पाहतात. 41,37,931.03 ला त्याच 0.0116 ने गुणले की 48,000 परत येतात आणि हिशेब बरोबर असल्याची खात्री पटते. हा पडताळा निरुपयोगी आहे, कारण जी चूक जाताना झाली तीच परत येताना उलट दिशेने होऊन मिटते. पडताळा नेहमी बँकेच्या मूळ दरानेच करावा: 41,37,931.03 ला 86.40 ने भागल्यास 47,892.72 डॉलर येतात आणि तूट लगेच उघडी पडते.

दुसरे असे, की बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम आणि वहीतील रक्कम यांतील फरक वर्षाखेरीस विनिमय नफा-तोटा खात्यात टाकला जातो. त्या खात्यात गेल्यावर गणिताची चूक बाजारातील चढउतारासारखीच दिसते. दोन्ही वेगळे ओळखण्याची एक खूण आहे. बाजारामुळे पडणारा फरक बिलागणिक कमी-जास्त होतो आणि त्याची दिशाही बदलू शकते. आखूड दरामुळे पडणारा फरक मात्र त्या दराने केलेल्या प्रत्येक बिलावर त्याच दिशेने आणि त्याच प्रमाणात पडतो; वरील उदाहरणात तो शंभर रुपयांमागे सुमारे 22 पैसे आहे. दहा बिलांची टक्केवारी शेजारीशेजारी मांडली की ही खूण दिसते.

या सर्वांवर सरळ उपाय म्हणजे व्यस्त दर काढूच नये. डॉलरचे रुपये करताना मूळ दराने गुणावे, रुपयांचे डॉलर करताना त्याच मूळ दराने भागावे, आणि राउंड फक्त शेवटच्या रकमेला करावे. एक्सेलमध्ये A2 मध्ये रक्कम आणि B2 मध्ये बँकेचा दर ठेवून पुढीलप्रमाणे लिहिता येते. पहिली ओळ डॉलरवरून रुपयांसाठी आणि दुसरी रुपयांवरून डॉलरसाठी आहे.

```
=ROUND(A2*B2, 2)
=ROUND(A2/B2, 2)
```

एक्सेलमधील खाना 0.01 दाखवत असला, तरी आत पूर्ण आकडा जपलेला असतो. धोका तेव्हा होतो, जेव्हा दिसणारा आकडा कागदावर उतरवून किंवा व्हॉट्सॲपवर पाठवून दुसरीकडे पुन्हा टाइप केला जातो.

युरो आणताना युरोपीय संघाला हाच प्रश्न सोडवावा लागला होता, आणि त्यांनी तो कायद्याने सोडवला. 1997 च्या नियमावलीनुसार रूपांतर दर एका युरोला अमुक इतके जुने चलन, असे सहा सार्थ अंकांत ठरले; उदाहरणार्थ 1 युरो = 1.95583 जर्मन मार्क. हा दर राउंड करण्यास मनाई होती, आणि त्यावरून काढलेला व्यस्त दर वापरण्यासही मनाई होती. मार्कांचे युरो करायचे तर 1.95583 ने भागणे हाच मार्ग होता.

अचूक व्यस्त दरानेही एक गोष्ट सुटत नाही. बँकेचे खरेदीचे आणि विक्रीचे दर वेगळे असतात. समजा, बँक 86.40 ला डॉलर घेते आणि 86.95 ला देते. दर उलटे केले की क्रमही उलटतो: 86.40 वरून 0.0115741 आणि 86.95 वरून 0.0115009 मिळतो, म्हणजे मोठ्या दराचा व्यस्त लहान होतो. निर्यातदाराला खरेदीचाच दर लागू होतो. चुकून दुसरा घेतल्यास 48,000 डॉलरवर 26,400 रुपयांचा फरक पडेल. इंटरनेटवरील रूपांतरक बहुधा या दोहोंच्या मधला दर दाखवतो, जो बँक ग्राहकाला सहसा देत नाही.

जपानी येनचा दर आपल्याकडे 100 येनला इतके रुपये असा दिला जातो, म्हणून तेथे भागण्याआधी किती येनचा दर आहे ते वाचावे.

आमच्याकडे बिल पाठवताना बँकेने दिलेला दर तिने लिहिलेल्या दिशेनेच, सर्व दशांश अंकांसह आणि खरेदीचा की विक्रीचा याचा उल्लेख करून लिहावा. सूचनापत्राची प्रत सोबत जोडल्यास स्वतंत्रपणे दर लिहिण्याची गरज नाही. रूपांतर आम्ही त्यावरूनच करू.