हगवण-ओकारीत मूल गप्प पडते तेव्हा

पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरले की विदर्भातल्या खेड्यांत हगवण-ओकारीचे रुग्ण वाढू लागतात. अशा वेळी आशाताईंनी दिलेले ओआरएसचे पाकीट घरात असते, पण ते अनेकदा पेलाभर पाण्यात थोडेथोडे टाकून दिले जाते, आणि तिथेच चूक होते.

आतड्याच्या आतील पेशींमध्ये मीठ आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा खुली राहते, म्हणूनच हे द्रावण काम करते. मात्र ते घट्ट झाले तर उलट शरीरातले पाणी आतड्यात खेचले जाते, जुलाब वाढतात आणि रक्तातले मीठही धोकादायक पातळीवर जाऊ शकते. त्यामुळे एक लिटरचे पाकीट असेल, तर ते संपूर्ण पाकीट उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यातच विरघळवावे. माप म्हणून लिटरची बाटली चालते, गडवा अंदाजाने भरू नये. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे; चमचा चहाचा, म्हणजे पाच मिलीचा असावा. चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे.

दोन वर्षांचे, दहा किलोचे मूल घेऊ. ते चिडचिडे झाले आहे, डोळे खोल गेले आहेत आणि पाणी दिसताच ते अधाशीपणे पिते. त्याला किलोमागे ७५ मिली, म्हणजे ७५० मिली द्रावण चार तासांत द्यायचे असते, तेही शक्यतो आरोग्य केंद्रात. एवढे ओकाऱ्या होत असताना कसे जाणार, असे आईला वाटते. पण दर दीड मिनिटाला एक चमचा दिला तरी चार तासांत ८०० मिली होतात. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध थांबवू नये.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. रडणारे मूल अचानक गप्प पडते, पाणी मागत नाही, आणि घरातले म्हणतात, "आता बरं वाटतंय त्याला, झोपू द्या." तहान लागूनही पिण्याचे त्राण उरले नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्याला हाक मारावी, जागे करून पाहावे आणि बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी चिमटीत उचलून सोडावी. मूल नीट जागे होत नसेल, पिऊ शकत नसेल, किंवा कातडीची घडी सपाट व्हायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर शरीरातले पाणी धोकादायकरीत्या कमी झाले असे समजावे. फार कुपोषित मुलात कातडीची ही खूण फसवते. त्याला घरी मापाने द्रावण देत न बसता डॉक्टरांकडेच न्यावे. मोठ्या माणसात लघवी जवळजवळ थांबणे, उभे राहताच भोवळ येणे आणि हातपाय गार पडणे, या खुणाही तेच सांगतात.

आता शिरेतून सलाईन हवे असते, म्हणून १०८ ला फोन करावा. मूल जागे असून गिळू शकत असेल, तर वाटेतही चमचा-चमचा द्रावण चालू ठेवावे. बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते.