३० दात, ७८ दात

हायब्रीड गाडी समजून घ्यायची तर आधी एवढंच विचारावं: इंजिन चाकांना जोडलंय का?

निस्सानच्या ई-पॉवरमध्ये जोडलेलं नाही. इंजिन फक्त जनरेटर फिरवतं, चाकं मोटर ओढते. ही सिरीज मांडणी. शहरात ती छान चालते, कारण गाडी रांगत असली तरी इंजिन आपल्या सोयीच्या गतीने फिरू शकतं. हायवेवर मात्र सगळ्या ताकदीची आधी वीज आणि विजेची पुन्हा ताकद करावी लागते, आणि दोन्ही वेळा थोडी गळती होते.

१९९९ च्या होंडा इनसाइटमध्ये पातळ मोटर थेट इंजिनच्या क्रँकशाफ्टवर बसवली होती आणि पुढे नेहमीचा गिअरबॉक्स. ही पॅरलल मांडणी. इंजिनची ताकद सरळ चाकांपर्यंत जाते. पण इंजिनची गती गिअरला बांधलेली राहते, आणि मोटर फिरली की इंजिनही फिरतंच.

१९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसने दोन्ही वाटा एकाच गिअरसंचात आणल्या. मधोमध ३० दातांचा सूर्य गिअर, त्याला जनरेटर जोडलेला. बाहेर ७८ दातांचं कडं, त्याला मोटर आणि चाकं. दोघांच्या मध्ये फिरणाऱ्या छोट्या गिअरांना धरणारा सांगाडा इंजिनला जोडलेला.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कायम दातांच्या प्रमाणातच वाटला जातो: सुमारे २८ टक्के जनरेटरकडे, ७२ टक्के कड्याकडे. गती मात्र मोकळी असते. जनरेटरचे फेरे म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांची ३.६ पट वजा कड्याच्या फेऱ्यांची २.६ पट.

समजा, चढावर इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय आणि कडं १०००. मग जनरेटर ४६०० फेरे घेतो. ताकद म्हणजे जोर गुणिले गती. त्या हिशेबाने इंजिनची जवळजवळ ६४ टक्के ताकद विजेच्या वाटेने जाते. गाडी बरीचशी सिरीज झाली. आता सपाट रस्त्यावर इंजिन १५०० आणि कडं २००० घेऊ. जनरेटर जेमतेम २०० फेरे घेतो आणि ९६ टक्के ताकद गिअरमधून थेट चाकांना मिळते. मध्ये क्लच दाबला नाही की गिअर बदलला नाही. जनरेटरची गती तेवढी बदलली.

पण इंजिनचा जोर कड्यापर्यंत पोहोचायला जनरेटरने तेवढा विरोध करावाच लागतो. न्यूट्रलमध्ये तो विरोध बंद होतो, त्यामुळे इंजिन चालू असलं तरी बॅटरी चार्ज होत नाही, आणि एसी मात्र तिच्यावरच चालत राहतो. आपल्याकडच्या हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रीडमध्येही ताकद अशीच वाटली जाते. म्हणून लांबलचक सिग्नलला न्यूट्रल टाकण्याची जुनी सवय इथे सोडावी. ब्रेक दाबून गाडी डी मध्येच ठेवावी.