आयकर आकारणी : पगारदार आंबा बागायतदाराची

कोकण किनारपट्टीवर पगार किंवा व्यवसायाच्या जोडीला हापूसची बाग असणाऱ्या करदात्याचे करपात्र उत्पन्न आणि त्यावरील कर ठरवण्याची रीत. शेतीचे निव्वळ उत्पन्न आयकर कायदा, १९६१ च्या कलम १०(१) नुसार करमुक्त आहे. तरीही ते ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले असेल, तर कराचा दर ठरवताना ते हिशेबात घेतले जाते. ‘आंब्याला कर नाही’ हे बागायतदारांचे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे ठरते. पुढील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

आकारणीची मांडणी एका पानात मावते. पगारातून प्रमाणित वजावट काढावी. उरलेल्या रकमेत घरभाडे (नगरपालिकेचा भरलेला कर वजा करून राहिलेल्या भाड्याच्या ३० टक्के सूट सोडून), व्यवसायाचा नफा, भांडवली नफा आणि व्याज मिळवावे. त्यातून वजावटी गेल्या की एकूण उत्पन्न मिळते. त्यावर टप्प्यांप्रमाणे कर काढावा, त्यातून कलम ८७अ ची सवलत वजा करावी आणि शेवटी ४ टक्के उपकर लावावा. शेती उत्पन्न असेल तर कर काढण्याची पायरी तिहेरी होते. आधी इतर उत्पन्न आणि शेती उत्पन्न यांच्या बेरजेवर कर काढायचा, मग शेती उत्पन्न अधिक करमुक्त मर्यादा एवढ्या रकमेवर काढायचा आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा.

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढे दर ४ लाखांना ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, तर २४ लाखांवर ३० टक्के दर आहे. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. विमा, भविष्य निर्वाह निधी, मुलांचे शिक्षण शुल्क अशांची दीड लाखापर्यंतची ८०क वजावट आणि आरोग्यविम्याची ८०ड वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळतात.

देवगडच्या एका शिक्षिकेचे काल्पनिक उदाहरण घेऊ. पगार ११,५५,०००. त्यातून ७५,००० गेले, राहिले १०,८०,०००. मुदतठेवीचे व्याज २०,००० मिळवून एकूण उत्पन्न ११,००,०००. बागेतून वर्षभरात ९,५०,००० ची विक्री झाली. खत, फवारणी, राखणदार, मजुरी, पेट्या, वाहतूक आणि दलाली यांवर ३,५०,००० गेले, म्हणजे निव्वळ ६,००,०००.

१७ लाखांवरील कर १,४०,०००. शेतीचे ६ लाख अधिक करमुक्त ४ लाख, अशा १० लाखांवरील कर ४०,०००. फरक १,००,०००. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने ६०,००० ची सवलत मिळते. उरलेल्या ४०,००० वर १,६०० उपकर, म्हणून देय कर ४१,६००. बाग नसती तर ११ लाखांवरील ५०,००० चा कर सवलतीत पूर्ण विरला असता. ‘बारा लाखांपर्यंत कर शून्य’ या समजुतीत बागायतदार फसतो तो इथेच : मर्यादा पाहताना शेती उत्पन्न धरत नाहीत, पण सवलतीची रक्कम ६०,००० वर थांबते. व्यवसायकराचे २,५००, ८०क चे पूर्ण दीड लाख आणि ८०ड चे २५,००० धरूनही जुन्या प्रणालीत याच शिक्षिकेला सुमारे २,०२,००० भरावे लागतील.

शाळेला बागेचा हिशेब माहीत नसतो, त्यामुळे पगारातून कर कापला जात नाही आणि हे ४१,६०० विवरणपत्र भरताना अचानक समोर येतात. देय कर १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कर भरणे बंधनकारक आहे, नाहीतर व्याज लागते. हापूसचा हंगाम ३१ मार्चला मधोमध कापला जातो, ही आणखी एक कटकट. पैसे हाती आल्यावर नोंद ठेवणाऱ्याच्या वर्षात मागच्या हंगामाची एप्रिल-मेमधील विक्री आणि पुढच्या मोहोरावरची फवारणी एकत्र येतात. त्यामुळे हंगामाच्या वहीतला नफा विवरणपत्रात तसाच उतरवू नये.

बागेशी संबंधित प्रत्येक पैसा शेतीचा नसतो. झाडावरचा तयार माल विकत घेऊन फक्त उतरवून विकणाऱ्या व्यापाऱ्याचे उत्पन्न व्यवसायाचे असते. स्वतःच्या आंब्याचा पल्प काढल्यास आंब्याचा बाजारभाव शेतीकडे आणि उरलेला नफा व्यवसायाकडे जातो. बागेतले घर पर्यटकांना दिले, तर ते उत्पन्नही शेतीचे नव्हे. मासेमारीचे तर नाहीच.

शेती उत्पन्न ५,००० च्या वर गेले की आयटीआर-१ चालत नाही. ते ५ लाखांपेक्षा जास्त असेल, तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकी की भाडेपट्टा आणि ओलीत की जिरायत हेही भरावे लागते, म्हणून सातबारा आणि दलालाच्या पट्ट्या हाताशी ठेवाव्यात.