पार्श्वभूमी : इथिओपियाचे नवे वर्ष सप्टेंबरात का येते?

तेरा महिन्यांचे वर्ष म्हटले की मराठी वाचकाला आधी अधिक महिना आठवतो. इथे तसे काही नाही. अधिक महिना तीनेक वर्षांनी एकदा येतो आणि चांद्र वर्ष मागे पडू लागले की ते सूर्याशी जुळवून देतो. इथिओपियाचे वर्ष मुळातच सौर आहे. बारा महिने सरसकट 30 दिवसांचे, आणि उरलेले 5 दिवस वर्षाच्या शेवटी ‘पागुमे’ या नावाने वेगळे काढलेले. दर चौथ्या वर्षी ते 6 होतात.

ही मांडणी प्राचीन इजिप्तची. तिथल्या जुन्या वर्षात हा सहावा दिवस नव्हता, त्यामुळे वर्षारंभ दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकायचा. इ.स.पू. 238 मध्ये राजाज्ञेने जादा दिवस घालून पाहिला, पण तो रुळला नाही. रोमनांनी इजिप्त घेतल्यावर मात्र तो लागू झाला आणि वर्षारंभ ज्युलियन कॅलेंडरच्या 29 ऑगस्टला पक्का झाला. अलेक्झांड्रियाच्या चर्चने हेच कॅलेंडर स्वीकारले. चौथ्या शतकात इथिओपियाच्या राजघराण्याने ख्रिस्ती धर्म घेतला आणि इथिओपियाचे चर्च अलेक्झांड्रियाच्या चर्चशी जोडले गेले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचा प्रमुख इजिप्तहूनच पाठवला जाई.

म्हणजे मूळ तारीख ऑगस्टातली. नव्या वर्षाच्या सुमारास पावसाळा संपतो, डोंगरउतारांवर ‘आदेय अबेबा’ची पिवळी फुले येतात, म्हणून हा दिवस निवडला असे पर्यटकांना आवर्जून सांगतात. फुले खरी, कारण खरे नाही. इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांचे वर्षही त्याच दिवशी सुरू होते, आणि तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही.

ऑगस्टचा सप्टेंबर झाला तो रोमच्या निर्णयामुळे. 1582 मध्ये पोपने कॅलेंडरमधून 10 दिवस वगळले आणि शतकी वर्षांच्या लीप दिवसाचा नियम बदलला. इथिओपियाने काहीच बदलले नाही. तिचा वर्षारंभ जागच्या जागी राहिला, पण नव्या युरोपीय मोजणीत तो 8 सप्टेंबरला दिसू लागला.

या सुधारणेला इथिओपियाने कधी हातच लावला नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात ती एकदा लादली गेली होती, आणि त्या प्रकरणाचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या प्रभावाखाली सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सम्राटाने कॅथलिक पंथ स्वीकारला. 1626 मध्ये त्याने रोमची सत्ता जाहीरपणे मान्य केली. नव्याने आलेल्या पोर्तुगीज धर्माध्यक्षाने मग धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा घ्यायला लावली, लोकांचा पुन्हा बाप्तिस्मा केला, आणि सण-उपवास रोमन कॅलेंडरप्रमाणे पाळण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ईश्वरशास्त्राच्या वादापेक्षा हा शेवटचा हुकूम जास्त जाचक असणार. उपवास कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे आता परक्याने सांगायचे. बंडे झाली, रक्तपात झाला, आणि 1632 मध्ये सम्राटाने जुना धर्म परत देऊन मुलाकडे राज्य सोपवले. मुलाने जेझुइटांना देशाबाहेर काढले. तो धर्माध्यक्ष शेवटी गोव्यात आला आणि तिथेच वारला. त्यानंतर कॅलेंडर बदलणे म्हणजे पंथ बदलणे, हे समीकरण पक्के झाले असावे. नंतरच्या एकाही राजवटीने, अगदी 1974 नंतरच्या लष्करी राजवटीनेही, ते बदलले नाही.

वर्षाच्या आकड्यातला 7-8 वर्षांचा फरक हा वेगळा विषय आहे. ख्रिस्तजन्माचे वर्ष अलेक्झांड्रियातल्या एका भिक्षूने पाचव्या शतकात काढले आणि रोममधल्या दुसऱ्याने सहाव्यात. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, एवढेच.

दोन मोजण्यांतले दिवसांचे अंतर मात्र अजून वाढते आहे. इटलीवर विजय मिळवून देणारी अडवाची लढाई 1 मार्च 1896 रोजी झाली. इथिओपियाच्या मोजणीत तो दिवस येकातित महिन्याची 23 तारीख, वर्ष 1888. तिथे आजही विजयदिन 23 येकातितलाच पाळतात, पण आपल्या कॅलेंडरवर तो आता 2 मार्चला येतो. मधल्या काळात 1900 साल आले. ग्रेगोरियन नियमाने त्याला 29 फेब्रुवारी नव्हता, इथिओपियाच्या मोजणीत जादा दिवस नेहमीप्रमाणे आला. त्याच कारणाने 1 मेस्केरेम, म्हणजे नववर्षदिन, सध्या 11 सप्टेंबरला येतो. आधीच्या वर्षी पागुमे 6 दिवसांचा असला तर 12 सप्टेंबरला, जसे 2007 मध्ये त्यांचे 2000 साल सुरू झाले तेव्हा. 2100 सालीही ग्रेगोरियन लीप दिवस नाही, त्यामुळे त्या वर्षापासून नेहमीची तारीखच 12 सप्टेंबर होईल.